दोनशे ग्रॅमचं वजन आणि दोन निकाल

स्टेनलेस स्टीलचं २०० ग्रॅमचं एक वजन चार कॅलिब्रेशन लॅबमध्ये फिरून परत आलं आणि निकालाचा तक्ता लागला. तक्त्यात प्रत्येक लॅबसमोर दोन रकाने आहेत, एक झेड स्कोअरचा आणि दुसरा ईएन नंबरचा. ब लॅब झेडच्या रकान्यात पास आहे आणि ईएनच्या रकान्यात नापास. क लॅबचं नेमकं उलट, झेडमध्ये नापास, ईएनमध्ये पास. वजन तेच, आकडे तेच, गणितही दोन्हीकडे बिनचूक आहे. तरीही निकाल एकमेकांच्या विरोधात का जातात, हे ज्याला उमगलं त्याला हा तक्ता वाचता आला.

लॅबची नावं मी अ, ब, क, ड अशी ठेवली आहेत आणि त्यांचे आकडे समजावण्यासाठी मीच मांडले आहेत. पण गोष्ट रोजच्या व्यवहारातली आहे. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास कॅलिब्रेशन लॅब असतात. कारखान्यातले गेज, थर्मामीटर, वजनं, प्रेशर गेज तिथे तपासायला जातात आणि सर्टिफिकेट घेऊन परत येतात. आता लॅबलाच कोण तपासणार? अशा लॅबना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे एनएबीएलची मान्यता घ्यायची असते. आपलं मोजमाप इतर लॅबच्या मोजमापाशी अधूनमधून ताडून पाहा, असं हे मानक सांगतं. त्यासाठी एखादी संस्था एकच वस्तू सगळ्यांकडे आळीपाळीने फिरवते. प्रत्येक लॅबला सांकेतिक क्रमांक मिळतो, जेणेकरून कोणाचा निकाल कोणता हे इतरांना कळू नये. (लॅबवाल्यांचे एकमेकांना फोन जातातच, पण तो वेगळा विषय.)

वजन निघण्याआधी ते एका वरच्या दर्जाच्या लॅबमध्ये मोजलं जातं आणि सगळीकडे फिरून आल्यावर तिथेच पुन्हा मोजलं जातं. ही झाली संदर्भ लॅब. दोन्ही वेळची मापं जुळली, तर वाटेत वजनाला काही झालं नाही असं धरता येतं. थोडाफार फरक पडला तर तोही संदर्भ मूल्याच्या अनिश्चिततेत मिळवायचा असतो. समजा, संदर्भ लॅबने सांगितलं की हे वजन २०० ग्रॅमपेक्षा ०.४२ मिलिग्रॅमने जास्त आहे आणि या आकड्याची अनिश्चितता ०.१० मिलिग्रॅम आहे.

अनिश्चितता या शब्दाशी जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. कोणतंही मोजमाप अचूक एका बिंदूवर बसत नाही. तराजूची पुनरावृत्ती, ज्या मास्टर वजनाशी तुलना केली त्याची स्वतःची अनिश्चितता, खोलीतल्या हवेची घनता, तापमानाचा चढउतार, या सगळ्याचा हिशेब करून लॅब सांगते की खरी किंमत आमच्या आकड्याच्या अमुक इतकं आजूबाजूला असेल. सर्टिफिकेटवर ‘±’ चिन्हापुढे छापतात तो आकडा साधारण ९५ टक्के खात्रीचा असतो. म्हणजे लॅबचा हिशेब प्रामाणिक असेल, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरी किंमत त्या पट्ट्यात सापडायला हवी. हा पट्टा किती रुंद, हे लॅब स्वतःच जाहीर करते. कुणी तिच्यावर लादत नाही.

आता चौघांचे निकाल. अ लॅब म्हणाली +०.५० मिलिग्रॅम, अनिश्चितता ०.३०. ब लॅब म्हणाली +०.७८, अनिश्चितता अवघी ०.१५. क लॅब म्हणाली +१.०६, आणि अनिश्चितता पूर्ण १.० मिलिग्रॅम. ड लॅबने +०.३० सांगून ०.२० अनिश्चितता लिहिली.

झेड स्कोअर काढताना या अनिश्चितता बाजूलाच ठेवल्या जातात. लॅबचा आकडा संदर्भ मूल्यापासून किती दूर आहे ते पाहायचं आणि त्या अंतराला एका ठरावीक मापाने भागायचं.

z = (x − X) / σ

इथे x म्हणजे लॅबचा आकडा, X म्हणजे संदर्भ मूल्य आणि σ हे सगळ्यांना सारखं लावलेलं माप. तुलना भरवणारी संस्था ते ठरवते. कधी या कामात किती फरक चालण्यासारखा आहे यावरून, तर कधी भाग घेतलेल्या लॅबचे निकाल आपसांत किती पसरले आहेत यावरून. आपल्या तुलनेत ते ०.२० मिलिग्रॅम धरू. मग ब लॅबचं अंतर ०.३६, त्याला ०.२० ने भागलं की झेड येतो १.८. क लॅबचं अंतर ०.६४, म्हणून झेड ३.२. अ ला ०.४ आणि ड ला उणे ०.६. चिन्ह सोडून झेड दोनच्या आत असला तर ठीक, दोन ते तीनच्या मध्ये शंकास्पद, तीन किंवा त्याहून वर गेला तर कारण शोधायलाच हवं, असा संकेत आहे. म्हणून ब पास आणि क नापास.

ईएन नंबर काढताना वरचं अंतर तेच राहतं, बदलतो तो खालचा भाजक.

En = (x − X) / √(U² + Uref²)

U ही लॅबने स्वतः सांगितलेली अनिश्चितता आणि Uref ही संदर्भ मूल्याची. दोन्हींची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, कारण दोन लॅबच्या चुका स्वतंत्र असतात आणि दोन्ही एकाच दिशेने पूर्ण जोर लावतील असं क्वचित घडतं. ब लॅबसाठी ०.१५ आणि ०.१० यांचा मेळ येतो ०.१८. तिचं अंतर ०.३६ होतं, म्हणून ईएन २.०. चिन्ह सोडून एकच्या आत यायला हवा होता, तो दुप्पट आला. क लॅबसाठी १.० आणि ०.१० यांचा मेळ जवळपास १.०, म्हणून ०.६४ एवढं मोठं अंतर असूनही ईएन फक्त ०.६४. अ लॅबचा ईएन ०.२५ आणि ड चा उणे ०.५४. ते दोघे दोन्हीकडे पास.

तेव्हा दोन्ही रकाने एकच प्रश्न विचारतच नाहीत. झेड विचारतो, सगळ्यांसाठी आखलेल्या रेषेपासून तुम्ही किती लांब पडलात? ईएन विचारतो, तुम्ही स्वतः दिलेला वायदा पाळलात का? सुताराने ‘बरोबर पाच वाजता येतो’ म्हणून सांगितलं आणि सव्वापाचला आला, तर त्याने वायदा मोडला. दुसरा म्हणाला ‘आज दिवसभरात कधीतरी येतो’ आणि रात्री आठला उगवला, तर त्याच्या शब्दात खोट काढता येत नाही. पण दाराची कडी आज संध्याकाळी बसवून हवी असेल, तर बोलवायचं कुणाला हे उघड आहे.

पाण्यातलं शिसं किंवा धान्यातली आर्द्रता तपासणाऱ्या लॅबच्या तुलनांत झेड चांगला चालतो, कारण तिथे सगळे साधारण एकाच पद्धतीने काम करतात आणि सगळ्यांकडून अपेक्षाही सारखीच असते. कॅलिब्रेशनमध्ये तसं नसतं. एका लॅबकडे दहा हजारांचा तराजू, दुसरीकडे दहा लाखांचा, आणि दोघी आपापल्या कुवतीप्रमाणे प्रामाणिक काम करत असतात. त्यांना एकाच σ ने मोजलं तर साध्या लॅबवर अन्याय होतो आणि भारी लॅबला फुकटची सवलत मिळते. म्हणून कॅलिब्रेशनच्या तुलनांत मुख्य वजन ईएनला दिलं जातं. ते योग्यच आहे. पण त्यात एक पळवाट राहते आणि आपल्या क लॅबने नेमकी तीच धरली आहे.

अनिश्चितता भाजकात असल्यामुळे ती जितकी फुगवाल तितका ईएन लहान होतो. ०.३० ऐवजी १.० लिहिलं की चुकीचा आकडाही सहीसलामत सुटतो. हे उघडकीला आणायचं असेल तर ईएनकडे बघून भागत नाही. लॅबने आपल्या मान्यतेच्या कागदांत या वजनासाठी कोणती क्षमता जाहीर केली आहे ते शेजारी ठेवावं लागतं. मान्यतापत्रात ०.३० आणि तुलनेत १.० असं दिसलं तर तपासायला आलेला अ‍ॅसेसर सरळ विचारतो की मग गिऱ्हाइकाच्या सर्टिफिकेटवर तुम्ही कोणता आकडा छापता? आणि मान्यतापत्रातही १.० च असेल, तर लॅब खोटी नाही, पण तिचा उपयोग कुठवर हा प्रश्न उरतो. वजनांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे एफ१ दर्जाच्या २०० ग्रॅम वजनाला १.० मिलिग्रॅमची सूट असते, म्हणजे दोन लाखात एक भाग. आणि ते तपासणाऱ्याची अनिश्चितता या सुटीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, म्हणजे फार तर ०.३३ मिलिग्रॅम. अ आणि ड त्यात बसतात, ब तर आरामात बसते असं म्हणते. क लॅब एफ१ वजनाबद्दल काही सांगूच शकत नाही, तिचा ईएन कितीही देखणा असला तरी.

पळवाट दुसऱ्या टोकालाही आहे. संदर्भ लॅबचीच अनिश्चितता मोठी असली, समजा ०.१० ऐवजी ०.५०, तर ब लॅबचा भाजक ०.५२ होतो आणि ईएन ०.६९ येऊन तीही पास होते. अशा तुलनेत सगळ्यांनाच शाबासकी मिळते आणि कुणाबद्दलच काही कळत नाही. म्हणून तक्ता हातात आला की मी आधी संदर्भ मूल्याची अनिश्चितता बघतो. ती भाग घेणाऱ्यांच्या अनिश्चिततेपेक्षा लहान नसेल, तर पुढचे रकाने वाचण्यात अर्थ नाही.

आता एकच्या रेषेबद्दल. प्रामाणिक लॅबचाही ईएन वीसातल्या एखाद्या वेळी एकच्या बाहेर जाणारच, कारण पट्टाच मुळी ९५ टक्क्यांचा. एखाद्या लॅबने २० वेगवेगळी वजनं मोजली आणि त्यात एकाचा ईएन १.१ आला, तर तिथे आभाळ कोसळलेलं नाही. कारण बघावं, नोंद ठेवावी. उलट, सगळेच्या सगळे ईएन एकच्या आत आहेत पण सगळ्यांचं चिन्ह उणे, तर मात्र मान टवकारायला हवी. योगायोगाने झालेल्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. एकाच बाजूला झुकलेल्या चुकांमागे काहीतरी कायमचं कारण असतं.

असं एक कारण पुण्या-नाशिकच्या लॅबना अगदी जवळचं आहे. हवेतल्या प्रत्येक वस्तूला हवा थोडीशी वर उचलते. मास्टर वजन आणि तपासायचं वजन एकाच घनतेचं असेल, तर दोघांनाही सारखंच उचलते आणि हिशेब मिटतो. पण समजा आपलं फिरतं वजन स्टीलचं नसून पितळेचं असतं. पितळ स्टीलपेक्षा घन, म्हणून तेवढ्याच वजनाचा ठोकळा लहान, म्हणून हवेचा उचल कमी. वजनाची जी किंमत सर्टिफिकेटवर छापतात ती हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरून ठरवलेली असते. समुद्रकाठच्या मुंबईत खरी घनता त्याच्या जवळपास असते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, तिथे ती साधारण १.११ भरते. एवढ्या फरकामुळे २०० ग्रॅमच्या पितळी वजनाचा आकडा, दुरुस्ती न केल्यास, सुमारे ०.११ मिलिग्रॅम कमी येतो. ०.१५ अनिश्चितता सांगणाऱ्या लॅबचा ईएन त्यामुळे उणे ०.६ च्या आसपास सरकतो. पास तर होतोच.

आता गंमत बघा. भाग घेणाऱ्या सगळ्या लॅब घाटमाथ्यावरच्या असल्या, सगळ्यांनीच ही दुरुस्ती टाळली आणि संदर्भ मूल्य म्हणून त्यांचीच सरासरी घेतली, तर सगळ्यांचे झेड शून्याच्या आसपास राहतील. सगळे एकमेकांशी छान जुळतील आणि सगळे मिळून चुकतील. वरच्या दर्जाच्या लॅबने स्वतंत्रपणे मोजलेलं संदर्भ मूल्य असलं तरच हे उजेडात येतं, आणि तेही कुणाचा ईएन एकच्या बाहेर गेला म्हणून येत नाही. सगळ्यांची चिन्हं एका रांगेत उणे दिसली म्हणून येतं.

ब लॅबकडे मात्र शंकेला जागा नाही. ईएन २.० हा योगायोग म्हणून सोडण्यासारखा नाही. याचे दोनच अर्थ होतात: एक तर आकडा सरकला आहे, नाहीतर ०.१५ ही अनिश्चितता झेपण्यापेक्षा लहान सांगितली आहे. पुष्कळ लॅब इथे दुसरा अर्थ पटकन स्वीकारतात, कारण तो स्वस्त आहे. अनिश्चितता ०.४० करून टाकली की ईएन ०.८७ आणि फाइल बंद. पण आकडा कुठे सरकला ते शोधल्याशिवाय पट्टा रुंद करणं म्हणजे भिंतीला ओल कुठून येते ते न बघता वरून रंग मारणं झालं, आणि ओल पुढच्या पावसाळ्यात परत येते.

शोध कागदापासून सुरू होतो. चिन्ह चुकलं का, मास्टर वजनाची दुरुस्ती मिळवायच्या ऐवजी वजा झाली का, जुन्या सर्टिफिकेटवरचा आकडा वापरला गेला का. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात आणि त्या शोधायला तराजूला हातही लावावा लागत नाही. कागद स्वच्छ निघाले तर खोलीकडे वळायचं. वजन तराजूच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवलं होतं का? जरा गरम वजनाभोवती हवा वर चढते आणि ते हलकं भासतं, गार वजन जड भासतं. तुलना मास्टर, नमुना, नमुना, मास्टर या क्रमाने केली होती का? या क्रमाने तराजूचा हळूहळू होणारा सरकाव दोघांवर सारखा वाटला जातो.

समजा हेही सगळं ठीक निघालं. मग उरतं ते मास्टर वजन. ब लॅबचा आकडा जास्त आला आहे. मास्टर झिजून हलकं झालं असेल आणि लॅब अजून त्याची जुनी किंमत धरत असेल, तर त्याच्याशी तोललेलं प्रत्येक वजन तेवढंच जड निघणार. दिशा जुळते. पडताळा घ्यायला बाहेरही जावं लागत नाही. वजनांच्या संचात २०० ग्रॅमची दोन वजनं असतात आणि ओळखायला एकावर ठिपका किंवा चांदणीची खूण असते. खुणेचं वजन क्वचितच वापरलं जातं. दोघांची आपसांत तुलना केली की रोजच्या वापरातलं वजन किती उतरलं ते दिसतं. खरं तर ही तुलना दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळात अधूनमधून व्हायलाच हवी. ब लॅबने ती केली असती तर बाहेरच्या तुलनेची वाट पाहावी लागली नसती.

समजा, मास्टर ०.३१ मिलिग्रॅमने हलकं झालेलं निघालं. बुडावर एक बारीक ओरखडा आणि ते पडल्याची नोंद कुठेच नाही. वरच्या लॅबमध्ये पाठवून त्याची नवी किंमत ठरवली. +०.७८ मधून ०.३१ वजा केले तर +०.४७ उरतात, संदर्भापासून अंतर ०.०५ आणि ईएन ०.२८. म्हणजे ०.१५ ही अनिश्चितता खोटी नव्हती. तराजू, माणसं, पद्धत सगळं ठीक होतं. झेड १.८ वर समाधान मानलं असतं तर हे ओरखडलेलं वजन आणखी वर्षभर वापरात राहिलं असतं.

मग उरतात आधी दिलेली सर्टिफिकेटं. मास्टर शेवटचं कधी ठीक होतं हे मागच्या कॅलिब्रेशनच्या तारखेवरून कळतं आणि तेव्हापासून २०० ग्रॅमच्या मास्टरवर तोललेलं प्रत्येक वजन रजिस्टरमधून काढावं लागतं. एफ२ आणि एम१ दर्जाची वजनं बहुतेक सोडून देता येतात, कारण त्यांची सूट ३ आणि १० मिलिग्रॅम, त्यात ०.३१ ने फारसं काही बिघडत नाही. खरी अडचण एफ१ ची. तिथे लॅबची अनिश्चितता सुटीतून वजा करावी लागते, म्हणून ०.१५ सांगणाऱ्या ब लॅबसाठी सीमा ०.८५ मिलिग्रॅमची. एखाद्या औषध कारखान्याचं वजन −०.७० म्हणून पास केलेलं असेल, तर त्याची खरी किंमत −१.०१ आहे आणि ते एफ१ राहिलेलं नाही. त्याला पत्र जातं आणि सर्टिफिकेट मागे घेतलं जातं. दुसऱ्या एखाद्याचं वजन +०.९५ म्हणून नापास करून खालच्या दर्जात ढकललेलं असेल. त्याची खरी किंमत +०.६४, म्हणजे ते पूर्ण वेळ एफ१ च होतं आणि मालकाने कदाचित नवं वजन विकतही घेतलं असेल. पत्र त्यालाही जातं.